घर घेताय? एक टक्का हातात ठेवा

पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीतला फ्लॅट ७२ लाखांना ठरतो. विकणारे दोघे सख्खे भाऊ, घेणारे नवरा-बायको, आणि दोन्हीकडे हिस्सा निम्मा-निम्मा. मुद्रांक शुल्क, नोंदणी, बँकेचं कर्ज, वकिलाची फी यांची यादी तयार असते. पण त्या यादीत एक काम बहुतेक वेळा नसतं. विकणाऱ्याच्या पैशांतून एक टक्का आयकर कापून सरकारजमा करायचा असतो, आणि ती जबाबदारी घेणाऱ्याची असते.

विक्रेता भारतातला रहिवासी असेल आणि मालमत्तेची किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर ही कपात सक्तीची आहे. १ जून २०१३ पासून आयकर कायद्याच्या कलम १९४-आयएनुसार ती सुरू झाली. ग्रामीण भागातली शेतजमीन तेवढी यातून वगळली आहे. विक्रेता अनिवासी असेल तर नियम वेगळे आणि दरही बरेच चढे, म्हणून तो कुठे राहतो हे साठेखताआधीच विचारून घ्यावं.

आपल्या फ्लॅटची मुद्रांक शुल्कासाठीची रेडी रेकनरची किंमत ७५ लाख निघाली असं धरू. एप्रिल २०२२ पासून ठरलेली किंमत आणि सरकारी मूल्य यांतली जी जास्त, तिच्यावर कर कापावा लागतो. म्हणजे कपात ७२ हजार नव्हे, ७५ हजार. घेणाऱ्याच्या खिशातून जादा काही जात नाही. विक्रेत्यांच्या हाती ७१ लाख २५ हजार पडतात, उरलेले त्यांच्याच पॅनवर सरकारकडे जमा होतात आणि विवरणपत्र भरताना त्यांना वळते करून मिळतात. ‘चौघांचे हिस्से पन्नास लाखांच्या आत आहेत, मग कर कशाला?’ हा युक्तिवादही आता चालत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्यांचे हिस्से एकत्र धरूनच मर्यादा पाहिली जाते.

ऑगस्ट २०२५ मध्ये साठेखताच्या वेळी विसार म्हणून दहा लाख ठरले, तर तेव्हाच दहा हजार कापायचे. नोव्हेंबरमध्ये खरेदीखत झालं की उरलेल्या ६२ लाखांतून ६५ हजार. सगळी कपात खरेदीखतापर्यंत थांबवून ठेवणं ही नेहमीची चूक आहे. दुसरी चूक कर्जाच्या बाबतीत होते. बँक थेट विक्रेत्याच्या नावाने चेक काढते आणि घेणारा समजतो की कर बँकेनेच कापला. बँकेला आधी लेखी सांगून रक्कम तेवढी कमी करून घ्यावी लागते.

कापलेला कर, ज्या महिन्यात कापला तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत भरायचा. ऑगस्टचा ३० सप्टेंबरपर्यंत, नोव्हेंबरचा ३० डिसेंबरपर्यंत. यासाठी टॅन लागत नाही, पॅन पुरतो. incometax.gov.in वर आपल्या खात्यात शिरून e-Pay Tax मध्ये 26QB निवडायचा, दोन्ही बाजूंचे पॅन, पत्ता, किंमत, तारखा भरायच्या आणि नेटबँकिंगने किंवा चलन काढून बँकेत पैसे भरायचे. प्रत्येक घेणारा आणि प्रत्येक विकणारा यांच्या जोडीला एक फॉर्म लागतो. इथे चार जोड्या आणि दोन हप्ते, म्हणजे आठ फॉर्म. डिसेंबरच्या चार फॉर्मवर प्रत्येकी १६,२५० रुपये येतात. काही दिवसांनी TRACES या संकेतस्थळावरून 16B हे प्रमाणपत्र उतरवून विक्रेत्याला द्यायचं. एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाल्याने त्यानंतरच्या व्यवहाराला पोर्टलवर नव्या कायद्याखालचा फॉर्म निवडावा. एक टक्का आणि ५० लाख मात्र तेच आहेत.

उशीर महागात पडतो. दर फॉर्ममागे दिवसाला २०० रुपये शुल्क, वर दरमहा दीड टक्का व्याज. ते चार फॉर्म चाळीस दिवस रखडले तर नुसतं शुल्कच ३२ हजार होतं. शुल्काला कराच्या रकमेइतकी मर्यादा आहे, एवढाच काय तो दिलासा.

खरा घात मात्र विक्रेत्याच्या पॅनमुळे होतो. पॅन आधारशी न जोडल्यामुळे निष्क्रिय असेल तर कपातीचा दर एकदम वीस टक्के होतो. आपल्या उदाहरणात दोन्ही भावांचे पॅन असे निघाले तर ७५ हजारांच्या जागी १५ लाख कापायला हवे होते, आणि फरकाची मागणी घर ताब्यात येऊन गेल्यावर घेणाऱ्यांच्या नावाने येते. तोवर विक्रेत्यांचे पैसे खर्चून झालेले असतात, फोनही उचलले जात नाहीत. नियम ठाऊक नसलेल्या माणसावर एवढा बोजा टाकणं मला अन्यायाचं वाटतं, पण कायदा तसाच आहे. म्हणून विसाराचा चेक लिहिण्याआधी आयकर पोर्टलच्या Verify PAN Status या सोयीत प्रत्येक विक्रेत्याचा पॅन तपासा, त्या पानाची प्रत साठेखताच्या कागदांत लावा, आणि पॅन निष्क्रिय दिसला तर तो सुरू होईपर्यंत एक रुपयाही देऊ नका.