एक मिलिमीटर, एक लिटर

डोंबिवलीतली चार मजली इमारत, वय पस्तिशीच्या पुढे. पहिल्या मजल्यावरच्या एका बिऱ्हाडात मोरीच्या छताचा ढलपा सकाळी बादलीत पडला. माणूस आत नव्हता, एवढंच नशीब. दुपारी आम्ही स्टूल लावून वर पाहिलं, तर आठ मिलिमीटरच्या दोन सळया सोललेल्या उसासारख्या उघड्या पडलेल्या. गंज इतका की बोट लावलं की पापुद्रा हातात यावा.

मिस्त्रीने लहान हातोडीने छत टकटकवायला सुरुवात केली. धड काँक्रीट खणखणीत वाजतं. सुटलेलं काँक्रीट मात्र पिकल्या फणसासारखं बद्द वाजतं. बद्द आवाजाच्या कडेकडेने त्याने खडूची रेघ ओढली. चौकट भरली १.२ मीटर बाय ०.६ मीटर, म्हणजे ०.७२ चौरस मीटर. खोली अंदाजे २० मिलिमीटर धरली आणि मी वहीत लिहिलं : मॉर्टर साधारण १४ लिटर.

हा हिशेब करायला गणकयंत्र लागत नाही. सांताक्रूझला शंभर मिलिमीटर पाऊस पडला अशी बातमी आपण वाचतो, तिचा अर्थ दर चौरस मीटरवर शंभर लिटर पाणी. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे बरोबर एक लिटर. पाऊस असो, गिलावा असो की दुरुस्तीचं मॉर्टर, हिशेब तोच. म्हणून ०.७२ गुणिले २०, उत्तर १४.४ लिटर.

उत्तर बरोबर होतं, आकडे चूक होते. का, ते पुढच्या दोन दिवसांत कळलं.

काँक्रीटमधलं लोखंड मुळात गंजत नाही, कारण सिमेंटमुळे आतलं वातावरण चांगलंच क्षारयुक्त असतं आणि सळईवर एक संरक्षक पापुद्रा धरून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपत जातो आणि ही क्षारता मारतो. तो सळईपर्यंत पोचला आणि जोडीला वरच्या मोरीचं पाणी मिळालं की गंज सुरू. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, काही वेळा चौपट-पाचपटही. जागा मिळाली नाही की तो काँक्रीटला ढकलतो. म्हणजे ढलपा पडला तिथे रोग संपत नाही. सळई जिथवर गंजली तिथवर तो पसरलेला असतो आणि छतावर त्याची खूण दिसेलच असं नाही.

म्हणून छिन्नी चालवताना थांबायचं कुठे, हे खडूची रेघ ठरवत नाही. सळई ठरवते. स्वच्छ, गंज नसलेली सळई दिसेपर्यंत लांबीकडे जायचं. खोलीकडे सळईच्या मागे बोट फिरेल इतकं, म्हणजे किमान २० मिलिमीटर, मोकळं करायचं. मागची बाजू तशीच ठेवली तर सळईचा पुढचा अर्धा भाग नव्या मॉर्टरमध्ये आणि मागचा अर्धा जुन्या, निकामी काँक्रीटमध्ये राहतो. अशी दुरुस्ती दोन-तीन पावसाळ्यांत पुन्हा फुगते. मी खात्री म्हणून फिनॉल्फ्थॅलिनची बाटली जवळ ठेवतो, शाळेच्या प्रयोगशाळेत असायची तीच. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फवारली की धड भाग गडद गुलाबी होतो आणि क्षारता गेलेला भाग रंगच घेत नाही. सोसायटीच्या सभासदांना ही जादू फार आवडते आणि वाद निम्म्यावर येतो.

त्या छताला आधी टेकू दिले आणि मग फोडायला घेतलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खड्डा १.५ मीटर बाय ०.८ मीटर झाला होता. क्षेत्र १.२ चौरस मीटर. कडा ग्राइंडरने १० मिलिमीटर खोल, सरळ कापून घेतल्या, कारण कडेला मॉर्टर शून्य जाडीपर्यंत निमुळतं करत नेलं की ते पापडासारखं उचललं जातं.

आता खोली. इथे हात आखडता घेऊ नये. एकाच ठिकाणी फूटपट्टी घालून मोकळं होणं सोपं असतं, पण ठेकेदार सर्वात खोल जागा दाखवतो आणि सेक्रेटरी सर्वात उथळ. आम्ही मूळ छताच्या पातळीत एक सरळ पट्टी धरली आणि खड्ड्याचे नऊ चौकोन कल्पून प्रत्येकात एक माप घेतलं : २८, ३०, ३५, ३८, ४४, ४२, ४०, ३६, ३१. बेरीज ३२४, भागिले नऊ, सरासरी ३६ मिलिमीटर. सळया आत जागा घेतात, पण आठ मिलिमीटरची दहा मीटर सळई जेमतेम अर्धा लिटर भरते. ती वजा करत बसू नये.

१.२ गुणिले ३६, म्हणजे ४३ लिटर. डोक्यावरच्या कामात माल खाली पडतो, घमेल्याला चिकटतो. त्याचे १५ टक्के धरले की ५० लिटर. पहिल्या अंदाजाच्या साडेतीनपट.

सेक्रेटरी काकांचा चेहरा पडला. "अहो, परवा चौदा म्हणालात!" त्यांची चूक नव्हती. क्षेत्र पावणेदोनपट आणि खोलीही जवळजवळ तेवढीच वाढली. दोन्हींचा गुणाकार झाला की बिल तिपटीच्या पलीकडे जातं. दुरुस्तीच्या कंत्राटांतली निम्मी भांडणं मला वाटतं याच गुणाकाराची असतात. दर चौरस फुटाला ठरतो आणि 'सरासरी जाडी २५ मिलिमीटरपर्यंत' हे शब्द कुणी वाचत नाही. म्हणून मी आता फोडल्यावर आणि भरण्यापूर्वी दोघांच्या सह्यांनी मोजमाप घेतो. एकदा भरलं की खोली कुणालाच दिसत नाही.

पन्नास लिटरला माल किती? साइटवर बनवायच्या पॉलिमर मॉर्टरचं रूढ प्रमाण वजनाने एक भाग सिमेंट, तीन भाग क्वार्ट्झची वाळू आणि सिमेंटच्या वजनाच्या वीस टक्के पॉलिमर, म्हणजे ते दुधासारखं पांढरं लेटेक्स. ५० किलोच्या एका गोणीचं साधारण १०० लिटर मॉर्टर होतं. म्हणून लक्षात ठेवायला सोपं : एका लिटरला अर्धा किलो सिमेंट, दीड किलो वाळू, शंभर ग्रॅम पॉलिमर. आमच्या छताला अर्धी गोण सिमेंट, ७५ किलो वाळू, पाच किलो पॉलिमर. सळईला आणि जुन्या काँक्रीटला लावायच्या लेपासाठी पॉलिमर वेगळं धरायचं, या क्षेत्राला किलोभर पुरतं. तयार कोरडं मिश्रण आणलं तर २५ किलोच्या पिशवीतून साधारण १२ ते १३ लिटर भरतं, म्हणजे चार पिशव्या. हलक्या वजनाच्या मिश्रणाचं जास्त भरतं, तेव्हा पिशवीवरचा आकडाच खरा.

पॉलिमर इथे काय करतं? मॉर्टर जुन्या काँक्रीटला धरून ठेवतं, थोडी लवचीकता देतं आणि पाणी कमी घालूनही माल थापीखाली मऊ चालतो. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण मिस्त्रीला माल घट्ट वाटला की त्याचा हात पाण्याच्या डब्याकडे जातो. वाढवलेलं पाणी नंतर उडून जातं, मॉर्टर आक्रसतं आणि कडेने केसासारखी फट धरते. लेटेक्स बाहेरच्या किंवा ओल्या जागेसाठी एसबीआर किंवा अॅक्रिलिकच हवं. लाकूडकामाच्या पांढऱ्या गोंदाच्या जातीचं स्वस्त पॉलिमर ओल लागली की पुन्हा विरघळू लागतं, आणि मोरीच्या छताला ओल लागणारच.

सळया वायर ब्रशने घासून चकचकीत झाल्यावर व्हर्नियरने मोजल्या. एक सळई आठची सहा मिलिमीटर उरली होती. दोन मिलिमीटर म्हणजे काही नाही असं वाटतं, पण ताकद व्यासाच्या वर्गावर असते. चौसष्टचे छत्तीस उरले, म्हणजे चव्वेचाळीस टक्के सळई गंजात गेली. तिथे इंजिनिअरच्या सांगण्यावरून शेजारी नवी सळई बांधली. हे न करता नुसतं मॉर्टर थापणं म्हणजे मोडक्या हाडावर मलम.

मग गंजरोधक लेप, काँक्रीटला पॉलिमर-सिमेंटचा लेप, आणि तो चिकट असतानाच मॉर्टर. लेप वाळला तर चिकटवण्याऐवजी तोच मधला पडदा होतो, म्हणून जेवणाच्या सुट्टीआधी लेप लावू देत नाही. ३६ मिलिमीटर एका दमात छताला थापले तर पोट सुटतं. बारा-बारा मिलिमीटरचे तीन थर, मधला खरखरीत ठेवून. एक दिवस ओलं ठेवायचं आणि मग हवेवर वाळू द्यायचं, कारण पॉलिमरचा पापुद्रा वाळल्यावरच धरतो. आठवडाभर पाईपने पाणी मारणारा उत्साही वॉचमन इथे उपयोगाचा नाही. खोली ५० मिलिमीटरच्या वर आणि क्षेत्र मोठं असतं, तर थापीचं काम सोडून साचा बांधून मायक्रो-काँक्रीट ओतावं लागलं असतं.

आणि हो, वरच्या मोरीची गळती आधी बंद केली. नाहीतर हा सगळा खर्च पाण्यात.

याच इमारतीत स्वयंपाकघरावरच्या बीमला एक तिरपा तडा होता. काकांचं म्हणणं, यातही तेच मॉर्टर भरा. पण अर्ध्या मिलिमीटरच्या तड्यात मॉर्टर जाईल कसं? तिथे पाण्यासारखं पातळ इपॉक्सी दाबाने सोडतात. त्याआधी तडा कशाचा ते पाहायचं. सळईला समांतर धावणारा, तांबूस डाग असलेला, वाजवल्यावर बद्द बोलणारा तडा गंजाचा असतो. त्यात इपॉक्सी भरलं तर आत गंज चालूच राहतो आणि नवा तडा शेजारून निघतो. तो फोडूनच दुरुस्त करायचा. हा तडा तसा नव्हता. त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसची टिकली लावून महिनाभर पाहिली, तीही फुटली नाही. म्हणजे तडा हलत नव्हता.

हिशेब इथेही पावसाचाच, फक्त थर उभा. लांबी १.२ मीटर, बीमची रुंदी ०.२३ मीटर, तडा आरपार. क्षेत्र ०.२८ चौरस मीटर, जाडी अर्धा मिलिमीटर. उत्तर १४० मिलिलिटर, दीड कटिंग चहाएवढं! नळ्यांत आणि भांड्यात राहणारं धरून दुप्पट घ्यायचं. तड्यावर दर २० सेंटिमीटरला एक अशा सात नळ्या बसवल्या, मधली फट इपॉक्सीच्या लेपाने बंद केली. सर्वात खालच्या नळीतून सुरुवात. वरच्या नळीतून इपॉक्सी डोकावलं की खालची बंद करून वर सरकायचं. माल थोडा थोडाच कालवायचा, कारण मोठ्या भांड्यात तो स्वतःच तापतो आणि उन्हाळ्यात बघता बघता दगड होतो.

पहिल्याच नळीने १४० घेतलं. मग २००. मग ३००. वरच्या नळीत मात्र थेंब नाही. पंप थांबवला. हिशेबापेक्षा फार कमी गेलं तर वाट कुठेतरी तुंबलेली असते. फार जास्त गेलं तर ते दुसरीकडे निघालेलं असतं, नाहीतर आत पोकळी असते. एवढ्यात पलीकडच्या खोलीतून हाक आली. बीमची दुसरी बाजू भिंतीतल्या कपाटाच्या मागे होती, तिला लेप लावायचा राहिला होता, आणि माझं इपॉक्सी वहिनींच्या लोणच्याच्या बरण्यांवरून खाली ओघळत होतं.