गॉगलची काच आणि काचेवरचा स्टिकर

गॉगलच्या स्टँडवर बऱ्याचदा एक छोटं कार्ड टांगलेलं असतं. नुसत्या डोळ्यांना ते जवळजवळ कोरं दिसतं आणि गॉगल लावून पाहिलं की त्यात मासा किंवा मोटारगाडी उमटते. विक्रेता लगेच म्हणतो, "चित्र दिसलं ना? म्हणजे यूव्हीवाला ओरिजिनल माल." चित्र दिसतं हे खरं आहे, पण त्याचा अतिनील किरणांशी काही संबंध नाही. काच पोलराइज्ड आहे की नाही एवढंच ते कार्ड सांगतं. पोलराइज्ड काच ओल्या रस्त्यावरून किंवा पाण्यावरून परावर्तित होणारी चमक कापते, त्यामुळे गाडी चालवताना आराम वाटतो. अतिनील किरण अडवणं हा काचेचा वेगळा गुण आहे. तो पोलराइज्ड गॉगलमध्ये असू शकतो, नसूही शकतो.

तोच घोटाळा काळेपणाबद्दल होतो. जितकी काच काळी तितकं संरक्षण जास्त, असं आपण धरून चालतो. आपल्या डोळ्यांना साधारण ४०० नॅनोमीटरच्या पुढचा प्रकाश दिसतो. त्याच्या आतले, २८० ते ४०० नॅनोमीटरमधले अतिनील किरण जमिनीपर्यंत पोहोचतात, पण दिसत नाहीत. काचेचा रंग दिसणारा प्रकाश कमी करतो. न दिसणारे किरण शोषायला प्लास्टिकमध्ये वेगळं रसायन लागतं किंवा ते प्लास्टिक मुळातच तसं असावं लागतं. हे रसायन जवळपास बिनरंगी असतं. म्हणून पूर्ण पारदर्शक चष्मा अतिनील किरण पुरते अडवू शकतो आणि काळाकुट्ट गॉगल त्यांना वाट देऊ शकतो. काचेकडे बघून हा फरक कुणालाही सांगता येणार नाही, अनुभवी चष्मेवाल्यालासुद्धा नाही.

काळी पण संरक्षण नसलेली काच एक जास्तीचा धोका आणते. अंधार वाटला की बाहुली मोठी होते. उन्हात २ मिलिमीटर असलेली बाहुली गॉगलमागे ४ मिलिमीटर झाली, तर तिचं क्षेत्रफळ चौपट होतं. समजा ती काच ४० टक्के अतिनील किरण आत सोडते. मग बाहुलीतून आत जाणारे किरण चौपटीच्या ४० टक्के, म्हणजे उघड्या डोळ्याच्या १.६ पट झाले. हा हिशेब ढोबळ आहे. कुठलीही काच थोडे किरण अडवतेच, आणि बाहुलीच्या पुढे असलेल्या पारदर्शक पटलाला त्या काचेमागेही उघड्या डोळ्यापेक्षा कमीच किरण बसतात. पण बाहुलीच्या मागे असलेल्या भिंगाच्या बाबतीत दिशा हीच राहते. शिवाय उन्हात डोळे आपसूक बारीक होतात, ते गॉगलमागे होत नाहीत.

या भिंगाचीच काळजी करायची, कारण मोतीबिंदू तिथे होतो. अमेरिकेत मेरीलँडच्या चेसापीक उपसागरात मासेमारी करणाऱ्या ८३८ जणांचा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यभरात डोळ्यांवर पडलेल्या यूव्ही-बी किरणांची मात्रा दुप्पट असेल, तर भिंगाच्या बाहेरच्या थरात होणाऱ्या मोतीबिंदूची जोखीम १.६ पट असते, असं त्यात दिसलं. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकणाऱ्या मांसल पडद्याचा, टेरिजियमचा, उन्हाशी असलेला संबंध तर आणखी पक्का आहे. शेतात, समुद्रावर, रस्त्यावर दिवस काढणाऱ्यांमध्ये तो जास्त आढळतो.

आता लेबलांकडे वळू. 'यूव्ही ४००' म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे सगळे अतिनील किरण अडवणारी काच. दावा चांगला आणि स्पष्ट आहे. पण काचेवरचा गोल सोनेरी स्टिकर कुणीही छापून घेऊ शकतो आणि कुठल्याही गॉगलवर चिकटवू शकतो. स्टिकर असल्यानं काही सिद्ध होत नाही, आणि नसल्यानंही गॉगल वाईट ठरत नाही. नुसतं 'यूव्ही प्रोटेक्शन' असं लिहिलेलं असेल तर तो दावाच अपुरा आहे, कारण किती आणि कुठवर, हे त्यात नाही.

काडीच्या आतल्या बाजूला 'सीई' ही अक्षरं असतात. हे युरोपच्या बाजारासाठीचं चिन्ह आहे. मोठा गैरसमज असा, की ते एखाद्या प्रयोगशाळेनं तपासून दिलेलं प्रमाणपत्र आहे. साध्या वापराचे गॉगल युरोपच्या नियमांत सर्वांत कमी जोखमीच्या संरक्षक साधनांत मोडतात आणि त्यांच्यावर हे चिन्ह निर्माता स्वतःच्या जबाबदारीवर लावतो. तो युरोपात माल विकत असेल, तर खोटं निघाल्यावर त्याला धरता येतं. आपल्या पदपथावर आलेल्या बेनाव गॉगलवर तीच दोन अक्षरं असली, तर धरायचं कुणाला? अक्षरं जवळजवळ असली की 'चायना एक्स्पोर्ट', असं सांगणारा मजकूर समाजमाध्यमांवर फिरत असतो. तशा नावाचं कुठलंही अधिकृत चिन्ह नाही. खऱ्या चिन्हातली अक्षरं वर्तुळांवर बेतलेली असतात आणि त्यांच्यातलं अंतर ठरलेलं असतं, हे खरं. त्यामुळे वेडीवाकडी अक्षरं दिसली तर शंका घ्यावी. नीटनेटकी अक्षरं मात्र नकली माल करणाऱ्यालाही छापता येतात.

या चिन्हाशेजारी बहुधा ० ते ४ मधला एक आकडा असतो. पुष्कळजण त्याला संरक्षणाची पायरी समजतात. तो दिसणाऱ्या प्रकाशाचा आकडा आहे. ३ म्हणजे काच ८ ते १८ टक्के प्रकाश आत सोडते, आणि आपल्या उन्हात नेहमीच्या वापराला हीच योग्य. ४ म्हणजे फक्त ३ ते ८ टक्के. ती बर्फाच्छादित डोंगरांसाठी असते आणि ती लावून गाडी चालवायची नसते. जास्त चांगला म्हणून ४ क्रमांकाचा गॉगल घालून दुचाकी चालवणं धोक्याचं आहे.

माझ्या मते लेबलावर सर्वांत उपयोगाची गोष्ट सर्वांत रुक्ष असते: निर्मात्याचं किंवा आयातदाराचं नाव आणि पत्ता, महिना-वर्ष, छापील कमाल किंमत, तक्रारीसाठीचा संपर्क. आपल्याकडे पॅकबंद मालावर हा मजकूर असणं २०११ च्या वैधमापन नियमांनुसार बंधनकारक आहे. तो असलेल्या गॉगलची काच चांगली असेलच, असं नव्हे. पण ज्यानं आपलं नाव घातलं, त्याला जाब विचारता येतो. पक्कं बिल घ्यायचं तेही याचसाठी.

लेबलानं भागत नाही, म्हणून काच तपासायची. चष्म्याच्या बऱ्याच दुकानांत यूव्ही मीटर असतो. गॉगल त्यात धरला की किती टक्के अतिनील किरण आरपार गेले, ते काही सेकंदांत कळतं. दोन्ही काचा तपासायला सांगा आणि मीटर कोणत्या नॅनोमीटरला मोजतो, तेही विचारा. अनेक मीटर ३६५ च्या आसपास एकाच ठिकाणी मोजतात. तिथे शून्य आलं, तर ४०० पर्यंतचा दावा सिद्ध झाला असं म्हणता येत नाही. पण त्याची फार धास्ती घेऊ नये. लहान लांबीचे किरण जास्त घातक असतात आणि युरोपीय मानकातही अतिनीलची हद्द ३८० नॅनोमीटरच धरली आहे. खरी भीती ३६५ लाच भरपूर किरण सोडणाऱ्या काचेची आहे.

घरी करून बघायचं असेल, तर ३६५ नॅनोमीटरची टॉर्च घ्या. ३९५ ची स्वस्त मिळते, पण तिच्यातून जांभळा दृश्य प्रकाश भरपूर येतो आणि निकाल फसवा ठरतो. अंधाऱ्या खोलीत ५०० रुपयांच्या नोटेवर टॉर्च मारा. नोटेवरचे क्रमांक चमकून उठतील. आता टॉर्च गॉगलच्या काचेला जवळजवळ टेकवून प्रकाश काचेतूनच नोटेवर जाऊ द्या. नोटेकडे बाजूनं बघा. काचेतून पाहिलंत तर तिच्या रंगामुळेच चमक मंद दिसेल आणि गॉगल खोटाच पास होईल. क्रमांकांची चमक पूर्ण विझली, तर काच त्या किरणांना अडवते. फिकट का होईना, चमक राहिली तर तो गॉगल उन्हात घालू नका. ताळा म्हणून तोच प्रयोग साध्या खिडकीच्या काचेतून करा. तिच्यातून हे किरण बरेच आरपार जातात, त्यामुळे चमक कशी टिकते, ते दिसेल. टॉर्च कुणाच्याही डोळ्यांवर मारू नका.

ही परीक्षा केली की स्वस्त गॉगलही पुष्कळदा पास होतो. पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक मुळातच साधारण ३८० नॅनोमीटरपर्यंतचे किरण शोषतं आणि स्वस्त गॉगलांतही ते सर्रास असतं. त्यामुळे किमतीवरून संरक्षण ठरवता येत नाही. महागड्या नावाचा नकली गॉगल अॅक्रिलिकच्या काचेचा निघू शकतो. अॅक्रिलिकमध्ये शोषक रसायन घातलं नसेल, तर ते हे किरण सोडतं.

ज्यांना नंबर आहे, त्यांनी एका ठिकाणी विशेष जपावं. नंबरचा गॉगल करायला दिला, की पुष्कळ दुकानांत सीआर-३९ या साध्या प्लास्टिकची काच गरम रंगात बुडवून काळी करतात. हे प्लास्टिक स्वतः साधारण ३५० पर्यंतच किरण अडवतं. वरचे किरण थांबवायला वेगळी यूव्ही प्रक्रिया किंवा मुळात शोषक मिसळलेली काच लागते. ऑर्डर देतानाच तसं सांगा आणि बिलावर लिहून घ्या. गॉगल हातात आला, की पैसे चुकते करण्याआधी मीटरवर ठेवायला लावा. जत्रेत मुलांना घेतलेल्या खेळण्यातल्या गॉगललाही हीच कसोटी लावावी. मुलांच्या डोळ्यातलं भिंग जास्त नितळ असतं आणि मोठ्यांपेक्षा अधिक अतिनील किरण आत जाऊ देतं.

काच पास झाली तरी फ्रेमचा प्रश्न उरतो. ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ मिनास कोरोनिओ यांनी दाखवलं, की कानशिलाकडून तिरके येणारे किरण डोळ्याच्या पुढच्या पटलातून वळून नाकाकडच्या कडेवर एकवटतात. टेरिजियम बहुतेक वेळा नाकाच्याच बाजूनं का वाढतं, याचं हे एक कारण. लहान, सपाट गॉगल बाजूच्या या किरणांना अडवत नाही. चेहऱ्याला लपेटून बसणारी, रुंद काड्यांची फ्रेम अडवते. सूर्य डोक्यावर असताना भुवईची कड डोळ्यांवर सावली धरते; सकाळी आठ-नऊला आणि दुपारी तीन-चारला सूर्य खाली असल्यानं किरण सरळ डोळ्यांत येतात. म्हणून ऊन फार वाटत नसलं, तरी कामावर जाता-येतानाही गॉगल हवा.