गुलाबी बटा दसऱ्यापर्यंत टिकवताना

नवरात्र जवळ आलं की आमच्या बडोद्यात मुलींना केसांत गुलाबी, जांभळे रंग हवे असतात. मी पार्लर चालवते, म्हणून यंदा भाचीच्या गुलाबी बटा दसऱ्यापर्यंत टिकवण्याचं काम माझ्याकडे आलं.

असे रंग काळ्या केसांवर दिसत नाहीत, म्हणून आधी ब्लीच करावं लागतं. त्याने केसांवरचे बारीक खवले उघडे पडतात. रंग त्यांच्या आसपासच अडकून राहतो आणि प्रत्येक वेळी धुताना थोडा निघतो. गरम पाण्यात केस फुगतात, रंग लवकर सुटतो. म्हणून तिला तीन दिवसांतून एकदाच, गार पाण्याने केस धुवायला सांगितलं.

शाम्पू सल्फेट नसलेला दिला. सल्फेट तेलाबरोबर रंगही ओढून काढतं. डोक्याला तेल चोपडणंही थांबवलं, कारण ते काढायला दोनदा शाम्पू लागतो.

गेलेला रंग कंडिशनरने भरून काढला. चार चमचे पांढऱ्या कंडिशनरमध्ये डेव्हलपर न लागणारा तोच गुलाबी रंग एक चमचा मिसळला. हातमोजे घालून दर दुसऱ्या धुण्यानंतर बटांना लावला, दहा मिनिटांनी गार पाण्याने धुतला. रंगाची चाचणी 48 तास आधी कानामागे घेतली होती.

सुरुवातीला दोन-तीनदा पाणी गुलाबी येणारच. पुढेही तसंच गडद येत राहिलं, तर पाणी गरम नाही ना, शाम्पू बदलला नाही ना, हे आधी पाहावं.