लाल डोळे सुधारतात, पांढरा झोत नाही

बारशाच्या फोटोत आजीचे डोळे लाल दिसतात आणि चष्म्याच्या एका काचेवर पांढरा झोत. दोन्ही दोष फ्लॅशचेच, पण इलाज वेगळे. कमी उजेडात बाहुली विस्फारलेली असते; लेन्सलगतच्या फ्लॅशचा प्रकाश डोळ्यामागच्या रक्ताळ पडद्यावरून परततो, म्हणून लाली. फोटो मोठा करून फक्त बाहुली निवडा, तिचा लाल रंग काढा आणि ती गडद करा. तिच्यातला चमकता ठिपका मात्र राखा, नाहीतर नजर निर्जीव दिसते.

काचेवरच्या झोतात लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे 255 असतील, तर तिथे तपशील नोंदलेलाच नाही. उजेड उतरवला तर फक्त राखाडी डाग उरतो. झाकलेला डोळा त्याच प्रसंगाच्या दुसऱ्या फोटोतूनच आणावा लागतो.