उसाचा माणूस हळदीत

हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला. त्या वेळी इथे साहेब म्हणून पगार घेणारा माणूस बहुतेक तीनच ठिकाणी सापडे: सरकारी कचेरी, साखर कारखाना आणि कापसाचे जिनिंग. मी तेव्हा बँकेच्या शेतीकर्जाच्या टेबलावर होतो. माल तारण ठेवणारे, शेड बांधणारे, गाळे घेणारे सगळे याच टेबलावरून जात, त्यामुळे कोणत्या धंद्यात पैसा येतोय आणि कोणत्या धंद्यातून माणसे बाहेर पडतायत, हे आपसूकच दिसायचे. तेव्हापासून आजवर चाळिशीतले बरेच मॅनेजर धंदा बदलताना पाहिले. ज्यांचे जमले ते सगळे हुशार होते असे नाही, पण नवा धंदा निवडताना त्यांनी मालाकडे कमी आणि कामाकडे जास्त पाहिले होते.

पहिली लाट कापसाची. 1972 पासून चाललेल्या कापूस एकाधिकार खरेदीचे दार 2002 मध्ये खासगी खरेदीला उघडले आणि त्याच वर्षी बीटी कापसालाही परवानगी मिळाली. पणन महासंघाच्या केंद्रांवर वर्षानुवर्षे कापूस पाहिलेले ग्रेडर आणि केंद्रप्रमुख यांना खासगी जिनिंगवाल्यांनी हातोहात उचलले. त्यात नवल काहीच नव्हते. तोच कापूस, तीच गाठ, फक्त मालक बदलला. याला क्षेत्र बदलणे म्हणत नाहीत. पण जिनिंगही मंदावू लागल्यावर त्याच माणसांतले काही जण सोयाबीनच्या खरेदीत गेले, आणि तिथे खरी गोष्ट कळली. त्यांना सोयाबीनचे तेल कसे निघते हे माहीत नव्हते आणि कोणी विचारलेही नाही. शेकडो शेतकऱ्यांकडून थोड्या दिवसांत, पारखून, मोजून, बँकेच्या लिमिटवर माल गोळा करायचा आणि भांडण न होऊ देता गेटबाहेर पाठवायचा, एवढेच हवे होते. लातूर-नांदेडकडच्या तेल काढणाऱ्या कंपन्यांनाही मराठवाड्यात हाच माणूस लागे.

म्हणजे ‘कोणता उद्योग वाढतोय’ या प्रश्नाआधी दुसरा प्रश्न येतो: माझ्या हातून रोज कोणता निर्णय होतो आणि तो निर्णय विकत घ्यायला अजून कोण तयार आहे?

दुसरी लाट उसाची. 2012 पासून मराठवाड्याला एकामागून एक दुष्काळ लागले. 2015-16 च्या कोरड्या वर्षानंतरच्या हंगामात ऊसच नव्हता, अनेक कारखान्यांची चाके फिरली नाहीत किंवा थोडेच दिवस फिरली. शेतकी विभागातली माणसे रिकामी बसली. त्यांतल्या एका अधिकाऱ्याची गोष्ट मी जवळून पाहिली, म्हणून तीच सविस्तर सांगतो. नाव नको, कारखानाही नको. वय 43, कृषी पदवी, एका गट ऑफिसचा प्रमुख, हाताखाली स्लिपबॉय आणि तोडणीच्या टोळ्या. कामाचे वर्ष उघडून ठेवले तर त्यात चार गोष्टी होत्या. जूनपासून उसाची नोंद पाहून, लावण किती आणि खोडवा किती याचा हिशेब करून, किती टन येईल याचा अंदाज. मुकादमांना उचल देणे आणि ती हंगामात वसूल करणे. रोजचा तोडणी-वाहतूक कार्यक्रम लावणे, म्हणजे गव्हाणीत ऊस कमी पडणार नाही आणि तोडलेला ऊस फडात वाळणार नाही. शेवटी काट्यावरची आणि बिलाची भांडणे. एफआरपी चौदा दिवसांत द्यायची असते, पैसे उशिरा आले की शेतकरी आधी ह्याचीच मान धरतो.

यादी करून तो माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या डोक्यात दोन पर्याय होते: बी-बियाणे कंपनीत विक्री अधिकारी किंवा दुसऱ्या जिल्ह्यातला कारखाना. पहिल्यात त्याला विकण्याचा अनुभव नव्हता. खतविक्रेत्यांकडून उधारी वसूल करणारा पंचविशीतला मुलगा तिथे स्वस्त पडतो. दुसऱ्यात पाऊसच पुन्हा बॉस होता. त्याच्या चार गोष्टींतल्या तीन विकत घेणारे जिल्ह्यातच होते, पण त्याला ते नोकरी देणारे वाटत नव्हते, कारण तिथे जाहिरात येत नाही. ते होते वसमतचे हळदीचे खरेदीदार आणि गोदामवाले.

वसमत आज हळदीचे मोठे गाव. ‘वसमत हळदी’ला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्रही वसमतलाच आहे. तो आला तेव्हा, 2017 मध्ये, यातले काही नव्हते, पण हळद होती आणि ती वाढत होती. आता मागणी आहे की नाही, हे घरबसल्या कसे कळणार? मी त्याला आधी बाजार समितीच्या यार्डात पाठवले, तेही मार्च-एप्रिलमध्ये, हळद शिजवून, वाळवून, पॉलिश होऊन येते तेव्हा. हमाल-मापाड्यांना विचार, कोणती नवी पेढी आली, कोणाच्या गाड्या रोज भरतात आणि कोणाचे पैसे वेळेवर येतात. त्यानंतर सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: जुलैमध्ये त्यांचे खरेदीचे लोक पगारावर असतात का? साखर कारखान्यात हंगामी कामगारालाही बिगरहंगामात काही भत्ता मिळतो. हळदीत तशी रीत नाही. जी पेढी जुलैतही माणूस ठेवते, तिला तो माणूस खरोखर हवा असतो. बाकीच्यांना फक्त हंगामापुरते हात हवेत.

त्याला एका पेढीने खरेदीवर घेतले. अंदाज, वजन, शेतकऱ्यांशी बोलणे यात तो पहिल्याच महिन्यात रुळला. अडला तो दोन ठिकाणी, आणि उसातून बाहेर पडणाऱ्या कोणाचीही नेमकी अडचण तीच असते. पहिली, भाव. उसाला एफआरपी ठरलेली, शेतकी अधिकाऱ्याने आयुष्यात कधी हलत्या भावाने माल घेतलेला नसतो. इथे सकाळचा भाव दुपारी नसतो आणि घेतलेला माल पडून राहिला की मालक विचारतो, कोणाच्या सांगण्यावरून घेतला? दुसरी, ओल. उसात ओल असतेच, त्यात शंका नको. हळदीत ओल म्हणजे पैसे. शंभर क्विंटल हळद 13 टक्के ओलीची घेतली आणि गोदामात ती 10 टक्क्यांवर आली, तर कोरडा ऐवज 87 क्विंटलच राहतो, पण वजन 87 भागिले 0.90, म्हणजे सुमारे 96.7 क्विंटल भरते. सव्वातीन क्विंटलहून जास्त हवेत गेले. क्विंटलला 7,000 रुपये धरा, 23 हजारांच्या वर तोटा, आणि सात लाखांच्या मालावर दोन टक्के नफा मिळणाऱ्या व्यापाऱ्याला एकूण 14 हजारच मिळाले असते. हातातले मीटर आणि फोडून पाहिलेल्या कांडीची पारख असे दोन्ही शिकायला त्याला एक हंगाम गेला. भावाचे मात्र जमले नाही. ते त्याच्या स्वभावातच नव्हते, आणि ते त्याने वेळीच ओळखले.

म्हणून तो पुढे एका पायरीने सरकला, विकत घेण्याकडून सांभाळण्याकडे. गोदामाचा व्यवस्थापक मालाच्या भावाची जबाबदारी घेत नाही, वजन, ओल, कीड आणि कागद यांची घेतो. गोदामांचा कायदा 2007 चा, नियामक प्राधिकरण 2010 पासूनचे. 2017 पासून इलेक्ट्रॉनिक पावतीवर, म्हणजे गोदामाने दिलेल्या हस्तांतरणीय पावतीवर, बँकेतून कर्ज मिळू लागले. बाजार समितीची शेतमाल तारण योजना त्याहून जुनी, 1990-91 पासूनची. पावतीवर कर्ज देणाऱ्या बँकेला एकच भीती असते: पावती आहे पण माल आहे का? काट्यावर रोज भांडणे मिटवलेला, उचलीची वसुली केलेला आणि हिशेबात खाडाखोड न करणारा माणूस अशा जागी सोन्यासारखा. आमच्या शाखेत गोदामवाल्यांची फाइल आली की मी आधी व्यवस्थापक कोण आहे ते पाहत असे. त्याला जे नव्याने शिकावे लागले ते थोडे होते: धुरी देणे, थप्प्यांमध्ये मोकळी जागा, नमुना काढण्याची पद्धत. आधीचा पगार गाठायला दोन वर्षे लागली, हेही सांगून ठेवतो. चाळिशीत क्षेत्र बदलले की पगार आधी खाली येतो, आणि तो किती महिन्यांनी वर येईल हे घरात आधीच बोलून ठेवावे लागते.

तिसरी लाट 2020 नंतरची, आणि इथे फसण्याच्या जागा जास्त आहेत. दहा हजार शेतकरी उत्पादक कंपन्यांची केंद्राची योजना त्याच वर्षी आली. गावोगावी कंपन्या उभ्या राहिल्या आणि प्रत्येकीला सीईओ हवा झाला. कागदावर ही मॅनेजरची सुवर्णसंधी. पण सीईओच्या पगारासाठी मिळणारे साहाय्य महिना 25 हजारांपर्यंत आणि तेही पहिल्या तीन वर्षांचे. चौथ्या वर्षी पगार कंपनीच्या धंद्यातून यायचा. म्हणून विचारायचे ते असे: गेल्या हंगामात तुमच्या कंपनीने किती क्विंटल खरेदी केली आणि किती क्विंटलवर किती मार्जिन सुटले? उत्तरात अनुदानाचा आकडा आला, तर ती नोकरी तीन वर्षांची आहे असे समजून घ्यावे, मग घ्यायची असेल तर घ्यावी.

सौर प्रकल्पांचे उलटे आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत खासगी जमीन हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला आणि दरवर्षी तीन टक्के वाढीने भाड्याने घेतात. त्यासाठी सातबारा वाचणारा, फेरफार ओळखणारा, भाऊबंदकीतल्या चार सह्या एका दुपारी करून घेणारा माणूस लागतो. शेतकी विभागातल्या माणसाइतका यात कोणी मुरलेला नाही, आणि मागणीही खरीच होती. पण जमीन मिळाली की ते काम संपते. प्रकल्प उभारणीनंतर देखभालीला तंत्रज्ञ पुरतात. अशा जागी जायचे तर ठेक्याने, कामाप्रमाणे पैसे ठरवून जावे. गाव सोडून पुढच्या जिल्ह्यात सरकायची तयारी असेल तरच ती नोकरी टिकते. औंढ्याजवळच्या लायगो वेधशाळेचे तर नावच इतके मोठे की तिच्याविषयी मला सर्वाधिक विचारणा होते. एप्रिल 2023 मध्ये तिला 2,600 कोटींची मंजुरी मिळाली. जिल्ह्यातल्या मॅनेजरसाठी तिचे काम म्हणजे बांधकामाच्या ठेकेदाराकडचे स्टोअर, वाहतूक आणि मजूर. ते चांगले काम आहे, पण बांधकाम चालेल तितकेच दिवस.

2023 मध्ये हळदीचे भाव एकदम चढले तेव्हा माझ्याकडे आलेल्या चौकशा दुप्पट झाल्या. भाव चढला म्हणजे नोकऱ्या वाढल्या असे होत नाही. भाव चढला की व्यापारी वाढतात, आणि व्यापारी मुनीम ठेवतो, मॅनेजर नाही. हिंगोलीच्या यार्डात नोकऱ्या वाढताना मी पाहिल्या त्या माल थांबू लागला तेव्हा: गोदामे, पॉलिशच्या यंत्रांचे शेड, पॅकिंग, नमुना तपासणी. हळद भाव मिळेपर्यंत महिनोन्‌महिने पडून राहते. त्या काळात तिच्यावर कोणीतरी डोळा ठेवायचा असतो आणि त्याचे पैसे भाव चढो की पडो, गोदामभाड्यातून निघतात. वरचा तो अधिकारी आज त्याच गोदामवाल्यांकडे तीन गोदामांची जबाबदारी पाहतो. गेल्या वर्षी साखर कारखान्याने त्याला परत बोलावले, पगार जास्त देऊन. पाऊस चांगला झाला होता आणि ऊस भरपूर होता. त्याने नकार दिला नाही लगेच, आधी पुढच्या वर्षीच्या लावणीच्या नोंदी मागवून पाहिल्या. त्या हातात येईपर्यंत कारखान्याने दुसरा माणूस घेतला होता.