ऑफर लेटरवर सही करण्याआधी

एचआरचा फोन आला की बहुतेक जण पगाराचा आकडा ऐकतात आणि विम्याबद्दल ‘मेडिक्लेम आहे ना?’ एवढंच विचारतात. उत्तर ‘हो’च असतं. खरं विचारायचं ते वेगळं: खोलीभाड्याला मर्यादा आहे का?

समजा, विमा ३ लाखांचा आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला १ टक्का, म्हणजे ३ हजार. तुम्ही ६ हजारांची खोली घेतली, तर वरचे ३ हजार भरून सुटका होत नाही. अनेक पॉलिसींत डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर असे खर्चही त्याच प्रमाणात, इथे निम्मेच, मंजूर होतात. हे खर्च १ लाख २० हजार असतील, तर ६० हजार तुमच्या खिशातून जातात. औषधं आणि इम्प्लांटला ही कपात लागू नसते. आई-वडिलांचा समावेश आहे का, त्यांचा हप्ता सीटीसीतून कापणार का, जुने आजार पहिल्या दिवसापासून धरतात का, हेही विचारा.

रजेबाबत प्रोबेशनमध्ये काय मिळतं आणि उरलेल्या रजेचे पैसे मिळतात का, एवढं पुरे. कामाचे तास मात्र एचआरला नीटसे ठाऊक नसतात. ‘अमेरिकेच्या क्लायंटचे कॉल रात्री किती वाजता असतात?’ हे होणाऱ्या मॅनेजरलाच विचारलेलं बरं.

आणि हे सगळं ईमेलवर विचारा. फोनवरचं ‘काळजी करू नका’ पुढे कुणाला आठवत नाही.