भाचा उमेदवार असेल तर मामाने कुठे बसावे?

गोंदियाच्या एखाद्या धान गिरणीत हिशेबनिसाची जागा निघते. मुलाखत घेणारे तिघे, त्यातला एक व्यवस्थापक, आणि अर्जदारांत त्याचा सख्खा भाचा. व्यवस्थापक सज्जन आहे. भाच्याची पाळी आली की तो उठून बाहेर जातो, पुढचा उमेदवार आला की परत येऊन बसतो. बहुतेकांना एवढे पुरेसे वाटते. माझ्या मते ते पुरेसे नाही, कारण पक्षपात आपल्या माणसाला दिलेल्या गुणांतून होतो तसा दुसऱ्याला न दिलेल्या गुणांतूनही होतो. समजा, भाच्याला उरलेल्या दोघांनी वीसपैकी १३-१३ दिले. त्याची सरासरी १३. दुसऱ्या उमेदवाराला त्याच दोघांनी १४-१४ दिले, पण व्यवस्थापकाने १० दिले. त्याची सरासरी १२.६७. व्यवस्थापकाने भाच्याला एकही गुण दिला नाही, तरी नोकरी भाच्याला मिळाली. ते १० गुण त्याने अगदी प्रामाणिकपणे दिले असतील, पण ते बाहेरच्या माणसाला ओळखता येणार नाही, आणि खरे तर त्याला स्वतःलाही नाही.

सर्वोच्च न्यायालयाने नेमका हाच धागा १९८५ मध्ये अशोककुमार यादव विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात उलगडला. हरियाणा लोकसेवा आयोगाच्या सदस्यांचे नातेवाईक उमेदवार होते आणि त्या-त्या मुलाखतीत संबंधित सदस्यांनी भाग घेतला नव्हता. न्यायालयाने ती निवड या कारणावरून रद्द केली नाही. आयोग ही घटनात्मक संस्था, तिच्या सदस्याच्या जागी आयत्या वेळी दुसरा कोणी बसवता येत नाही. म्हणून नातेवाइकापुरते दूर राहणे, त्याच्या गुणवत्तेच्या चर्चेत भाग न घेणे आणि त्याचे गुणही जाणून न घेणे एवढ्यावर तिथे भागते. पण साध्या निवड समितीत सदस्य बदलता येतो, तेव्हा त्याने संपूर्ण प्रक्रियेतूनच बाजूला व्हावे. प्रत्यक्ष पक्षपात झाला हे सिद्ध करण्याचीही गरज नाही. तसा होण्याची वाजवी शक्यता पुरे. खासगी गिरणीला हा निकाल जसाच्या तसा लागू नाही, पण त्यातले गणित तिथेही तेच आहे.

बाजूला व्हायचे तर केव्हा, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मुलाखतीच्या दिवशी उठणारा माणूस बहुधा उशिरा उठलेला असतो, कारण जाहिरातीतली पात्रता त्याआधीच ठरलेली असते. केरळचे मंत्री के. टी. जलील यांना एप्रिल २०२१ मध्ये राजीनामा द्यावा लागला, तो नातेवाइकाला अल्पसंख्याक विकास वित्त महामंडळाचा महाव्यवस्थापक नेमण्याच्या प्रकरणात. तिथे वादाचे मूळ पदाची पात्रता बदलण्यात होते. म्हणून भाचा अर्ज करणार हे कळताच मालकाला किंवा संचालकांना लेखी कळवायचे आणि पात्रता, अर्जांची छाननी, प्रश्न, गुण, पगार यांपैकी कशालाही हात लावायचा नाही. व्यवस्थापकाच्या जागी त्याच्याच हाताखालचा माणूस बसवला तर काहीच साधत नाही. हा कोणाचा भाचा हे त्याला ठाऊक असते आणि त्याची वेतनवाढ मामाच्याच हातात असते. तिसरा माणूस मालकाकडून यावा, किंवा बाहेरून, अगदी शेजारच्या गिरणीचा अनुभवी लेखापाल का असेना.

यावर आक्षेप येतो की आमगाव, तिरोडा, देवरीसारख्या गावांत सगळेच कुणाचे ना कुणाचे सोयरे. असे पाहत बसलो तर माणूस मिळायचा कसा? आक्षेप खरा आहे, पण तो भलत्या नियमावर आहे. भाच्याला बंदी घाला, असे इथे कोणी म्हणत नाही. त्याने अर्ज करावा, निवडूनही यावे. रिकामी व्हायची आहे ती मामाची खुर्ची. दूरच्या सोयरिकीसाठी नुसती लेखी नोंद पुरेल. मुलगा, सून, भाऊ, भाचा, मेहुणा यांच्यासाठी मात्र माघारच हवी. दुसरा आक्षेप विश्वासाचा: तिजोरीच्या किल्ल्या अनोळखी माणसाकडे कशा द्यायच्या? मालकाने हे म्हटले तर समजण्यासारखे आहे, पैसा त्याचा आहे. व्यवस्थापक मात्र दुसऱ्याच्या पैशातून पगार देणार असतो. शिवाय हिशेब लिहिणारा आणि तो तपासून सही करणारा हे मामा-भाचे असतील, तर धानाच्या वजनातली तूट पकडायची कोणी?

म्हणूनच नेमणुकीने विषय संपत नाही. भाचा रीतसर निवडून आला तरी त्याची हजेरी, रजा, वेतनवाढ आणि बिलांवरची सही मामाकडे राहता कामा नये. गिरणी एवढी लहान असेल की या सह्या करायला दुसरे कोणीच नाही, तर ती जागा त्या भाच्यासाठी नव्हेच, आणि हे त्याला अर्ज करण्याआधी सांगण्याचे काम मामाचे आहे.